हिशेबाची वही : कार्ड जेव्हा पैसे घ्यायला नकार देतं

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता फोन वाजला. इतक्या सकाळी फोन आला की आपल्यापैकी प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो, कारण तो बहुधा तिकडचा असतो. हा इकडचाच होता, पण कारण तिकडचंच होतं. आपल्या मंडळातला एक सभासद बोलत होता. त्याला आपण मिलिंद म्हणू. सांगलीत त्याची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलने ऑपरेशनआधी चार लाख रुपये भरायला सांगितले होते, आणि धाकट्या भावाकडे तेवढी रक्कम हाताशी नव्हती.

"काका, पैसे आहेत माझ्याकडे," मिलिंद म्हणाला, "पण ते बाहेरच येईनात."

पैसे म्हणजे बिटकॉइन. २०२१ मध्ये त्याने थोडे थोडे घेऊन ठेवले होते. शुक्रवारी संध्याकाळी त्याने त्यातले काही विकले आणि एक्स्चेंजवरच्या त्याच्या खात्यात चार हजार पौंड दिसू लागले. तिथे पैसे काढायचे दोन मार्ग होते, एक बँक खात्यात आणि दुसरा कार्डावर. कार्डापुढे 'अर्ध्या तासात' असं लिहिलेलं होतं. आई हॉस्पिटलात असलेला माणूस काय निवडणार? रात्री आठपासून साडेआठपर्यंत त्याने तीन कार्डं आणि सात प्रयत्न केले. साडेआठला एक्स्चेंजने त्याचं खातंच तपासणीसाठी अडवून ठेवलं.

मी निवृत्त होण्यापूर्वी बरीच वर्षं इथल्या एका बँकेत कार्ड विभागात होतो. कुठला व्यवहार मंजूर करायचा आणि कुठला नाकारायचा, याचे नियम बसवणं हे आमचं काम. त्यामुळे मिलिंदच्या त्या अर्ध्या तासात पडद्यामागे काय घडलं, हे नंतर दोन्ही बाजूंकडून कागद मागवून आम्हाला बरंचसं जुळवता आलं. या दिवाळीच्या वहीत तोच हिशेब मांडतो. क्रिप्टो घ्यावं की नाही, हा आजचा विषय नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांना ते विकल्यावर पैसे हातात का येत नाहीत आणि कुणी अडवले हे ओळखायचं कसं, एवढंच पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण दुकानात वस्तू परत केली की पैसे कार्डावर परत येतात. तसंच हेही असेल असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. परताव्याला मागे एक जुनी खरेदी असते आणि बँकेला तो तिच्याशी जोडता येतो. क्रिप्टो विकून कार्डावर येणारी रक्कम म्हणजे कुठल्याही खरेदीशी संबंध नसलेली नवी आवक. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांकडेही कार्डावर पैसे ढकलायची अशी वेगळी सोय आहे. एक्स्चेंज आपल्या पैसे पाठवणाऱ्या कंपनीला सांगतं, ती कंपनी व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यात निरोप घालते आणि तो निरोप तुमचं कार्ड काढून देणाऱ्या बँकेकडे जातो. निरोपात कार्डाचा नंबर, रक्कम, पाठवणाऱ्याचं नाव, देश आणि धंद्याचा चार आकडी कोड असतो. क्रिप्टोसाठी हा कोड साधारणपणे 6051 असतो. परकीय चलन विकणारेही त्याच कोडात मोडतात. म्हणजे पैसे कुठल्या प्रकारच्या दारातून येताहेत, हे बँकेला पहिल्याच क्षणी कळलेलं असतं.

कार्ड ही मुळात पैसे बाहेर नेण्याची वस्तू. त्याच्यावरून पैसे आत घ्यायचे की नाही, हे कार्ड देणारी बँक ठरवते आणि ती एकामागून एक प्रश्न विचारत जाते. मिलिंदचे सात प्रयत्न यातल्या वेगवेगळ्या प्रश्नांवर अडखळले होते.

पहिला प्रश्न असतो तो कार्डाच्या जातीचा. मिलिंदने आधी क्रेडिट कार्ड घातलं, कारण तेच त्याच्या हाताशी होतं. पडद्यावर क्षणार्धात "Card not supported" असं उमटलं. कार्डाच्या नंबराचे सुरुवातीचे सहा किंवा आठ आकडे बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात. क्रेडिट आहे की डेबिट, आधी पैसे भरून वापरायचं आहे की खात्याला जोडलेलं, कुठल्या देशातलं, हे सगळं त्यावरून कळतं. पैसे पाठवणारी कंपनी रक्कम धाडण्याआधीच जाळ्याला विचारून घेते की या कार्डावर आवक चालते का. अनेक क्रेडिट कार्डांवर आणि पुन्हा पैसे न भरता येणाऱ्या भेटकार्डांवर ती चालत नाही. परदेशातून येणारी आवक न घेणारीही कार्डं असतात, आणि तुमचं एक्स्चेंज इथलं वाटलं तरी त्याची पैसे पाठवणारी कंपनी दुसऱ्या देशातली असू शकते. असा नकार आला तर बँकेला फोन करून उपयोग नाही. पैशाचा निरोप तिच्यापर्यंत गेलेलाच नसतो.

दुसरं कार्ड त्याच्या पगाराच्या खात्याचं डेबिट कार्ड होतं. त्यावर त्याने पूर्ण चार हजार मागितले. या वेळी दहाएक सेकंद चक्र फिरलं आणि "Declined by issuer" आलं. म्हणजे निरोप बँकेपर्यंत पोचला आणि बँकेने नाही म्हटलं. का, ते पडद्यावर नव्हतं. पण बँक नकार देते तेव्हा दोन आकडी उत्तर पाठवते, आणि ते उत्तर पैसे पाठवणाऱ्या कंपनीकडे नोंदलेलं असतं. आम्ही एक्स्चेंजला लेखी विचारलं तेव्हा मंगळवारी ते मिळालं. 61, म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली. कार्डावरच्या आवकीला त्या बँकेने एका वेळी अडीच हजार पौंडांची मर्यादा घातलेली होती. खात्यातून बाहेर पैसे पाठवायची मर्यादा त्याहून कितीतरी मोठी होती, म्हणून ही गोष्ट त्याच्या मनातही आली नाही. जावकीची मर्यादा ॲपमध्ये दिसते. आवकीची क्वचितच दिसते.

इथे मिलिंदने ते केलं, जे आपण सगळेच केलं असतं. रक्कम कमी करून पाहिली. तीन हजार, नकार. दोन हजार, नकार. एकोणीसशे, नकार. पंधराशे, नकार. हे सगळं अकरा मिनिटांत. नंतर उत्तरं पाहिली तर तीन हजारांना पुन्हा 61 होतं, पण दोन हजारांपासून पुढे 59 होतं. 59 म्हणजे फसवणुकीचा संशय. बघा, दोन हजार ही रक्कम मर्यादेत बसत होती. पहिल्याच वेळी तेवढे मागितले असते तर बहुधा गेले असते. पण बँकेच्या यंत्राला त्या क्षणी काय दिसलं? ज्या कार्डावर कधी अशी आवक झालेली नाही, तिथे शुक्रवारी रात्री क्रिप्टोच्या दारातून कुणीतरी एकामागून एक घटत्या रकमा ढकलून पाहतो आहे. चोरलेल्या खात्यातून पैसे काढणारा माणूस हुबेहूब असाच वागतो, कारण त्यालाही मर्यादा ठाऊक नसते. यंत्राला आईचं हाड दिसत नाही.

आमच्या विभागात आम्ही नवीन माणसांना एक गोष्ट सांगत असू. पहिला नकार बहुधा नियमाचा असतो, चौथा बहुधा संशयाचा. नियमाचा नकार दुसऱ्या दिवशीही तसाच राहतो, पण त्याने काही बिघडत नाही. संशयाचा नकार मात्र कार्डाला चिकटतो. म्हणून पहिला नकार आला की थांबायचं, आणि कारण कळेपर्यंत पुन्हा बटण दाबायचं नाही.

इतर काही आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. 57 आलं तर त्या प्रकारचा व्यवहार तुमच्या कार्डाला मुळातच मना आहे. बँकेने क्रिप्टोचं दार बंद ठेवलेलं असेल तर बरेचदा हेच उत्तर मिळतं, आणि मग रक्कम बदलून काहीच होत नाही. 65 म्हणजे ठरावीक काळातली संख्या संपली. 91 म्हणजे बँकेचं यंत्र त्या क्षणी उत्तर देत नव्हतं, आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करणं शहाणपणाचं ठरेल असं यांतलं हे एकच उत्तर आहे. सर्वांत फसवं उत्तर म्हणजे 05. त्याचा अर्थ नुसता 'नाही'. कारण सांगायचं नसलं की बँका तेच पाठवतात.

आता तिसरं कार्ड. सव्वाआठ वाजता मिलिंदच्या बायकोने आपलं डेबिट कार्ड पुढे केलं. घरातल्या घरात काय फरक पडतो, असं दोघांना वाटलं. सगळ्यात महागात पडलं ते हेच. एक्स्चेंजवरचं खातं मिलिंदच्या नावाचं आणि पैसे जाणार दुसऱ्याच नावाच्या कार्डावर. या वेळी बँकेने नव्हे, एक्स्चेंजनेच ते अडवलं आणि खातं तपासणीला घेतलं. खातेदार एक आणि पैसे घेणारा दुसरा, ही मनी लाँडरिंगच्या पुस्तकातली पहिल्या पानावरची खूण आहे. ती दिसल्यावर कुठल्याही नोंदणीकृत कंपनीला डोळेझाक करता येत नाही. त्यामुळे कार्डाचा मार्ग तर बंद होताच, बँकेचाही बंद झाला. मिलिंदने मला फोन केला तो यानंतर. मी त्याला थांब म्हणालो, पण थांबण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

नावाच्या बाबतीत आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. मिलिंदच्या पासपोर्टवर त्याच्या नावाला जोडून वडिलांचं नाव आहे आणि मग आडनाव. एक्स्चेंजने पासपोर्टवरून खातं उघडलं, म्हणून तिथे तिन्ही शब्द पूर्ण आहेत. बँकेच्या कार्डावर मात्र नुसती दोन आद्याक्षरं आणि आडनाव. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची गत याहून अवघड. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, पदवीवर वडिलांचं आणि बँकेत दोन्ही नाहीत. हल्ली व्हिसाच्या जाळ्यात आणि इथल्या बँक खात्यांसाठीही नाव जुळतं का, हे आधी विचारायची सोय झाली आहे. उत्तर तीन प्रकारचं येतं : जुळलं, थोडंसं जुळलं, जुळलं नाही. 'थोडंसं' आलं की पुढे जायचं की नाही हे विचारणारी कंपनी ठरवते, आणि मोठ्या रकमेला ती सहसा हात आखडते. म्हणून एक्स्चेंजवरचं आणि बँकेतलं नाव अक्षर न् अक्षर सारखं करून घ्या. बँकेत पासपोर्ट दाखवून नाव पूर्ण करून घेणं हे एका फेरीचं काम आहे. ते गरज नसताना करायचं असतं.

सोमवारी दुपारी एक्स्चेंजने मिलिंदचा फोटो, पासपोर्ट आणि बायकोचं कार्ड का वापरलं याचा लेखी खुलासा घेऊन खातं मोकळं केलं. माझ्या सांगण्यावरून त्याने कार्डाचा नाद सोडला आणि मंगळवारी सकाळी स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात चार हजार पाठवले. काही मिनिटांत ते जमा झाले. आणि तासाभरात बँकेने ते खात्यातच रोखून धरले.

हा शेवटचा प्रश्न, आणि तो कार्ड असो की खाते, दोन्हीकडे विचारला जातो : हे पैसे मुळात आले कुठून? 'बिटकॉइन विकून' हे त्याचं उत्तर नव्हे. ते बिटकॉइन कशाने घेतले, हे बँकेला हवं असतं. मिलिंदने चार कागद दिले. २०२१ मधली त्याच बँकेची स्टेटमेंट्स, ज्यात एक्स्चेंजला दिलेल्या रकमा दिसत होत्या. एक्स्चेंजवरून उतरवून घेतलेला खरेदी-विक्रीचा पूर्ण इतिहास. पगाराच्या स्लिपा. आणि चौथा कागद महत्त्वाचा. मधल्या काळात त्याने नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवली होती आणि विकायच्या आधी परत आणली होती. बँकेच्या दृष्टीने तिथे साखळी तुटत होती. जाताना आणि येतानाचे व्यवहार क्रमांक आणि तारखा एका पानावर लिहून त्याने ती जोडून दाखवली. गुरुवारी दुपारी पैसे मोकळे झाले.

या काळात बँकेचा माणूस फोनवर काही सांगत नाही, म्हणून आपण चिडतो. पण एक कायदेशीर बाब समजून घ्या. इथल्या २००२ च्या गुन्हेगारी उत्पन्नविषयक कायद्यानुसार बँकेने एखाद्या व्यवहाराबद्दल संशयाचा अहवाल दिला असेल, तर ते ग्राहकाला कळू देणं हा गुन्हा ठरू शकतो. अहवाल देऊन व्यवहाराला संमती मागितली असेल तर नॅशनल क्राइम एजन्सीला उत्तरासाठी कामकाजाचे सात दिवस मिळतात, आणि तिने नकार दिला तर आणखी एकतीस दिवस पैसे अडू शकतात. फोनवरच्या मुलीला यातलं बहुधा काहीच दिसत नसतं, आणि ज्याला दिसतं त्याला बोलता येत नाही. अशा वेळी आरडाओरडा करण्यापेक्षा 'तुम्हाला माझ्याकडून कुठला कागद हवा आहे?' एवढंच लेखी विचारावं. या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना सहसा अडचण नसते.

तरीही काहीच हललं नाही तर रीतसर तक्रार नोंदवा. पैसे पाठवण्या-मिळण्याबद्दलच्या तक्रारीला बँकेने साधारणपणे कामकाजाच्या पंधरा दिवसांत अंतिम उत्तर द्यायचं असतं. ते पटलं नाही तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओंबुड्समनकडे जाता येतं आणि त्याला एक पैसा लागत नाही. बँक कुणाला आवक नाकारू शकते, हा तिचा अधिकार ओंबुड्समन सहसा काढून घेत नाही. उगाच लांबवलेला वेळ आणि चुकीची वागणूक मात्र तिथे मोजली जाते.

कुणी अडवलं हे ओळखायची रीत आता एकत्र सांगतो. उत्तर क्षणार्धात आलं आणि कार्ड चालत नाही म्हणालं, तर प्रश्न कार्डाच्या जातीचा. थोडं थांबून बँकेने नाकारलं असं म्हणालं, तर एक्स्चेंजला दोन आकडी उत्तर आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लेखी मागा. बँकेला फोन कराल तेव्हा 'माझं कार्ड नाकारलं' असं म्हणू नका, कारण ते खरेदीच्या यादीत शोधतील आणि 'इथे काहीच नाही' म्हणतील. 'कार्डावर बाहेरून येणारी रक्कम नाकारली गेली' असं म्हणा आणि तारीख, वेळ, रक्कम द्या. तरीही माग सापडला नाही, तर निरोप बँकेपर्यंत गेलाच नव्हता असं समजून पुन्हा एक्स्चेंजकडे वळा. आणि एक्स्चेंज 'यशस्वी' म्हणत असेल पण खात्यात काही दिसत नसेल, तर लगेच घाबरू नका. मंजुरी आणि जमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जलद सोय असलेल्या कार्डावर अर्ध्या तासात जमा होतं, नसलेल्यावर कामकाजाचे एक-दोन दिवस जातात, आणि शनिवार-रविवार त्यात धरले जात नाहीत.

आणखी एक, कराचं. पैसे अडकले म्हणून कर अडत नाही. नफा-तोट्याची तारीख विकल्याची धरतात, हातात आल्याची नाही. २०२४-२५ पासून वर्षाला फक्त तीन हजार पौंडांचा भांडवली नफा करमुक्त आहे, हे विकताना ध्यानात असू द्या.

ज्यांनी अडीअडचणीसाठी म्हणून क्रिप्टो ठेवलं आहे, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत एक करावं. वीस पौंडांचं विकून ते ज्या मार्गाने आणायचं त्याच मार्गाने स्वतःच्या नावावर आणून पाहावं. नाव जुळत नसेल, कार्ड चालत नसेल किंवा बँकेचं दारच बंद असेल तर ते वीस पौंडांत कळेल. मोठ्या रकमेच्या वेळी बँक मग हवे ते प्रश्न विचारेलच, पण निदान रस्ता ओळखीचा असेल.

मिलिंदच्या आईचं ऑपरेशन सोमवारीच झालं. शनिवारी दुपारीच धाकट्या भावाच्या बायकोने कुणाला न विचारता आपल्या पाटल्या काढून पतसंस्थेत गहाण ठेवल्या आणि संध्याकाळी पैसे हॉस्पिटलात भरले. मिलिंदचे पौंड सांगलीला पोचले ते पुढच्या आठवड्यात, आणि त्यातून आधी पाटल्या सोडवल्या. आई आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते. मिलिंद उन्हाळ्यात जाऊन आला. परत आल्यावर मला म्हणाला, "काका, वहिनीने पतसंस्थेत किती कागद दिले असतील? एक. आणि तिथला माणूस तिला नावाने ओळखत होता."

मी म्हटलं, "बाबा रे, हेच तर आहे. तुझ्या बँकेलाही तू कोण ते ओळखायचं होतं. फक्त तिने ते शुक्रवारी रात्री आठ वाजता पहिल्यांदा विचारलं."